लवकर भरणा, रोख सूट आणि न समजणारी बिले: गैरसमज व वस्तुस्थिती

ठरलेल्या मुदतीआधी पैसे देणाऱ्याला विक्रेता बिलात जी सवलत देतो, तिला रोख सूट म्हणतात. व्यापारी बोलीत तीच ‘सीडी’. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, देसाईगंज या पट्ट्यातील राइस मिलचा तांदूळ किराणा दुकानांना उधारीवर जातो, तेव्हा बिलाच्या तळाशी साधारण असा मजकूर असतो: ‘अटी २/१०, नेट ३०. मुदतीत भरणा केल्यास रोख सूट देय राहील.’

या मजकुराभोवतीचा सर्वांत चिवट गैरसमज असा की, अट बिलावर छापली म्हणजे ती ग्राहकाला कळवली. दुकानदाराने सूट घेतली नाही की ‘त्याला गरज नसेल’ असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या हंगामात दोनाचे अडीच टक्के केले जातात. टक्का वाढतो, मजकूर तसाच राहतो आणि पैसे पूर्वीइतक्याच उशिरा येतात. दर बदलण्याआधी वाक्य बदलून पाहावे, हे कोणाच्या मनात येत नाही.

वस्तुस्थिती पाहण्यासाठी एक काल्पनिक बिल घेऊ. मूलच्या मिलने भामरागडच्या दुकानदाराला ३ जुलै २०२५ रोजी १,००,००० रुपयांचा तांदूळ पाठवला. ‘२/१०, नेट ३०’ याचा अर्थ दहा दिवसांत पैसे दिल्यास दोन टक्के सूट, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम. अर्थ एवढाच असला तरी दुकानदाराला त्यातून चार गोष्टी स्वतः काढाव्या लागतात: दहा दिवस कधीपासून, शेवटची तारीख कोणती, दोन टक्के कशावर आणि भरायचे नेमके किती?

पहिल्याच प्रश्नावर गाडी अडते. बिलाच्या तारखेपासून मोजले, तर दहावा दिवस १३ जुलै. तो रविवार. आदला दिवस दुसरा शनिवार, म्हणजे बँक बंद. धनादेशाने किंवा रोखीने भरणाऱ्यासाठी मुदत खरे तर शुक्रवारी, ११ जुलैलाच संपली. त्यात पर्लकोटेला पूर आला आणि ट्रक आलापल्लीलाच थांबला, तर माल हातात येण्याआधीच सूट हुकते. मालाची पोती न पाहता पैसे पाठवावेत, अशी अपेक्षा कोणत्याही दुकानदाराकडून करता येत नाही. आणि माल मिळाल्यापासून दहा दिवस असा त्याने अर्थ घेतला, तर त्यात त्याची चूक काय? बिलावर दोन्हीपैकी काहीच लिहिलेले नसते. मग १६ तारखेला तो ९८,००० पाठवतो, मिलच्या खातेवहीत २,००० बाकी राहतात आणि त्या बाकीवरून वर्षभर कुरकुर चालते.

अट कळलेली नाही, हे ओळखण्याची खूण याच बाकीत असते. मुदत उलटल्यावर सूट कापून आलेल्या रकमा खात्यात वारंवार दिसत असतील, किंवा ‘किती पाठवू?’ असे फोन येत असतील, तर ग्राहकांना सूट हवी आहे आणि मजकूर समजलेला नाही, असे खुशाल समजावे.

तोच मजकूर असा लिहिता येतो:

सोमवार, १४ जुलै २०२५ पर्यंत भरा: ₹ ९८,००० (बचत ₹ २,०००)
त्यानंतर, शनिवार, २ ऑगस्ट २०२५ पर्यंत भरा: ₹ १,००,०००
रक्कम त्या दिवशी आमच्या खात्यात जमा झालेली असावी.

टक्का गेला, ‘देय राहील’ गेले, दिवस मोजणेही गेले. तारखेसोबत वार आहे आणि सुट्टीचा विचार करून मुदत सोमवारपर्यंत नेली आहे. भरायची रक्कम आधी आणि बचत तिच्या शेजारी ठेवली आहे, कारण पैसे पाठवताना लागतो तो आकडा ९८,००० हा. तिसरी ओळ धनादेशासाठी आहे: धनादेश दिला तो दिवस धरायचा की वटला तो, हा वाद तिच्यामुळे उरत नाही. या ओळी तळाच्या बारीक अक्षरांत न ठेवता एकूण रकमेच्या लगेच खाली याव्यात, कारण नजर आधी तिथेच जाते.

पावसाळ्यात आलापल्लीच्या पुढे जाणाऱ्या मालासाठी मुदत पोच मिळाल्यापासून मोजणेच न्याय्य आहे. मात्र ‘पोच मिळाल्यापासून १० दिवस’ असे छापून थांबले, तर जुनाच घोळ परत येतो. अशा वेळी तारखेची जागा कोरी ठेवावी. माल उतरवताना पोचपावतीच्या दोन्ही प्रतींवर शेवटची तारीख हाताने लिहावी आणि दोघांनी सही करावी.

अशी सोपी मांडणी ‘धंदेवाईक दिसत नाही’ असेही ऐकू येते. पण महावितरणचे वीजबिल घराघरात येते. त्यावर या तारखेपर्यंत भरल्यास इतके, त्यानंतर इतके, अशा तारीख आणि रकमेच्या जोड्याच छापलेल्या असतात. या बिलाबद्दलही एक गैरसमज आहेच: तत्पर भरण्याची एक टक्का सूट पूर्ण बिलावर मिळते आणि बिल हातात पडल्यापासून सात दिवस असतात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या मार्च २०२०च्या दर आदेशानुसार सूट कर व शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर होती आणि सात दिवस बिल जारी झाल्याच्या तारखेपासून होते. म्हणून मिलच्या मालावर कर लागत असेल, तर सूट करासह रकमेवर की कराआधीच्या, याचा निर्णय विक्रेत्याने आधी घ्यावा आणि बिलावर फक्त त्याचे उत्तर, म्हणजे रुपये, छापावे.

‘दोन टक्क्यांनी काय होते’ हा दुसरा समज. वीस दिवस आधी ९८,००० देऊन २,००० वाचतात. तेवढीच रक्कम वर्षाला १२ टक्क्यांच्या कॅश क्रेडिटमधून वीस दिवसांसाठी उचलली, तरी व्याज सुमारे ६४४ रुपये होते. म्हणजे कर्ज काढूनही साडेतेराशे रुपये हातात राहतात. वार्षिक हिशेबाने ही सूट ३७ टक्क्यांच्या आसपास जाते. ती विक्रेत्यालाही तितकीच महाग पडते, म्हणून टक्का वाढवण्याची घाई करू नये.

‘सूट ती सूट’ हेही चूक आहे. वाणिज्य शाखेच्या पुस्तपालनात व्यापारी सूट बिलातच वजा होते आणि तिची वेगळी नोंद होत नाही. रोख सूट मात्र पैसे आल्यावर पुस्तकात येते. दोन्ही एका ओळीत मिसळल्या, तर बिलही चुकते आणि खातेही.

अर्धे पैसे दिले की अर्धी सूट मिळते, असे गृहीत धरू नये. बिलावर तसे लिहिले असेल तरच मिळते.

सूट सोडली की भरण्याला मुदतच उरत नाही, हा समजही धोक्याचा आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराशी लेखी ठरलेली मुदतही ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. उशीर झाल्यास व्याज लागते. ते व्याज वेगळ्या ओळीत लिहावे, कारण सवलतीच्या शेजारी दंडाचा आकडा आला की वाचणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

मजकूर कितीही स्वच्छ केला, तरी ज्याच्या गल्ल्यात पैसा नाही तो लवकर भरणार नाही. जुलैत रोवणी चालू असते, गावातली उधारी फुगलेली असते आणि नव्या धानाचे चुकारे अजून दूर असतात. अशा महिन्यांत भामरागडच्या दुकानदारासाठी दहा दिवसांची मुदत पंधरा-वीस दिवसांची करून सूट एक टक्क्यावर आणणे दोघांनाही परवडते. वर दाखवलेल्या तीन ओळींत तेव्हा फक्त तारखा आणि रकमा बदलाव्या लागतात.