बाटलीत मुरणारी बिअर

इंग्लंडमधल्या डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप या ब्रुअरीने १९६८ मध्ये कादंबरीकार थॉमस हार्डी यांच्या चाळिसाव्या स्मृतिवर्षानिमित्त एक बिअर काढली: ‘थॉमस हार्डीज एल’. ही बार्ली वाईन, म्हणजे भरपूर माल्ट घालून केलेली कडक बिअर. अल्कोहोल सुमारे १२ टक्के, नेहमीच्या लागरच्या दुपटीहून जास्त. ताजी असताना ती जड, गोड आणि घशाला चटका देणारी लागते. काही वर्षे ठेवल्यावर तोच चटका निवतो आणि मनुका, खजूर, शेरी यांची आठवण देणारी चव येते.

हा बदल प्रामुख्याने प्राणवायूमुळे होतो. झाकणाखाली थोडी हवा राहतेच, शिवाय झाकणातूनही ती वर्षानुवर्षे किंचित आत शिरते. बाटलीत जिवंत यीस्ट ठेवलेले असेल, तर सुरुवातीचा बराच प्राणवायू ते शोषून घेते आणि बदल सावकाश होतो. हॉप्सचा कडूपणा हळूहळू ओसरतो आणि माल्टची गोडी पुढे येते.

हवेचा हाच परिणाम हलक्या बिअरला मात्र मारक ठरतो. तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि तो झाकायला चवीत दुसरे काही नसते. म्हणून बाटली ठेवायची, तर अल्कोहोल साधारण ८ टक्क्यांच्या वर हवे आणि माल्टची चव दाट हवी. नुसता कडकपणा पुरत नाही. डबल आयपीए कडक असते, पण तिची गंमत हॉप्सच्या ताज्या सुगंधात असते आणि तो काही महिन्यांत उडतो. इम्पीरियल स्टाउट चांगली टिकते. भाजलेल्या माल्टचा तिखट कडूपणा मऊ होतो, चॉकलेट आणि सुक्या अंजिराची चव उरते. मात्र कॉफी घातलेली स्टाउट लवकर प्यावी, कारण कॉफीचा वास आधी जातो.

बाटली उभी, अंधारात आणि १० ते १३ अंशांना ठेवावी. उष्णतेने सगळ्या क्रिया वेगाने होतात, त्यामुळे पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली मुरण्याऐवजी बिघडते. आपल्याकडे फ्रिजच बरा; तिथे बदल फार संथ होतो, एवढेच.

केव्हा उघडायची, हे ठरवायला एकाच वर्षाच्या तीन-चार बाटल्या घ्याव्यात. एक लगेच प्यावी, पुढे दर एक-दोन वर्षांनी एकेक उघडावी. चटका गेला, सुक्या मेव्याची चव आली आणि अंगात दाटपणा शिल्लक असेल, तर ती ऐन भरात आहे. सोया सॉससारखी खारट-उग्र चव यीस्टच्या मेलेल्या पेशी फुटल्याची खूण आहे. पुठ्ठ्याचा वास वरचढ झाला किंवा बिअर पातळ लागू लागली, तर तिचा काळ सरला. मग उरलेल्या बाटल्या आणखी ठेवण्यात अर्थ नाही.