शून्य लिहिलं आणि यंत्र पहिल्याच वर्षी संपलं

एक लाखाचं यंत्र आहे, आयुष्य पाच वर्षं आणि भंगाराला काहीच यायचं नाही. एक्सेलमध्ये घसारा काढायला आपण लिहितो:

```
=DB(100000,0,5,1)
```

उत्तर येतं 1,00,000. म्हणजे पहिल्याच वर्षी सगळी किंमत खलास!

यात बिघाड काही नाही. DB दरवर्षी उरलेल्या किमतीवर एकाच दराने घसारा लावतं. तो दर असा निघतो:

```
1-(salvage/cost)^(1/life)
```

शून्य टाकलं की दर 100 टक्के होतो. 1 रुपया टाकून पळवाट काढणारे असतात, पण मग दर 90 टक्के येतो. कंपनी कायद्यात सर्वसाधारणपणे 5 टक्क्यांपर्यंत अवशिष्ट मूल्य धरतात. तसे 5,000 धरले तर दर 45.1 टक्के, पहिल्या वर्षी 45,100. हे पटण्यासारखं आहे.

यंत्र वर्षाच्या मध्यावर आलं तर शेवटी 6 महिने लिहावे लागतात:

```
=DB(100000,5000,5,1,6)
```

आता पहिल्या वर्षी निम्मेच, 22,550. राहिलेले सहा महिने DB सहाव्या वर्षात टाकतं. तक्त्यात पाचच ओळी असल्या की बेरीज कमी भरते, आणि लोक सूत्राला दोष देतात.

भंगारमूल्य खरोखर शून्य असेल तर SLN वापरावं, वर्षाला सरळ 20,000. सुरुवातीला जास्त घसारा हवा असेल तर VDB घ्यावं. DDB मात्र पाच वर्षांनीही 7,776 रुपये शिल्लक ठेवतं.