आर्किटेक्टला लिहायचे पत्र : नकाशातले बदल कसे मागावेत

घराचा नकाशा हातात आला की घरातल्या प्रत्येकाला त्यात काही ना काही बदलावेसे वाटते. हे बदल आर्किटेक्टपर्यंत बहुधा तोंडी किंवा फोनवरच्या तुटक निरोपांतून पोहोचतात. मग स्वयंपाकघर मोठे होते पण हॉलमध्ये सोफा बसत नाही, किंवा कंत्राटदार जुन्याच नकाशावरून भिंत उभी करतो. सगळे बदल एकाच पत्रात, खोल्यांची मापे आणि कारणे यांसह लिहून दिले तर हा घोळ टळतो. असे पत्र कसे असावे आणि त्यातल्या प्रत्येक मागणीचे पुढे काय होते, हे एका उदाहरणावरून पाहता येईल.

साताऱ्यासारख्या गावाच्या कडेला, उत्तरेकडे रस्ता असलेल्या भूखंडावर दुमजली घर बांधायचे आहे, असे समजू. तळमजल्याचे दोन पट्टे आहेत. पूर्वेच्या पट्ट्याची आतली रुंदी १२ फूट. त्यात पुढे २० फूट लांबीचा हॉल आणि मागे ९ फुटांचे स्वयंपाकघर. पश्चिमेचा पट्टा साडेदहा फूट रुंद. त्यात पुढे १२ फूट लांबीची आजीची खोली. तिच्या मागे बाहेरच्या भिंतीला लागून ७ फूट बाय साडेचार फुटांचे संडास-बाथरूम आणि त्याच्या शेजारून जिन्याकडे जाणारा तीन फुटांचा पॅसेज. बाथरूमचे दार पॅसेजमध्ये उघडते. या घराच्या मालकाचे पत्र साधारण असे असेल :

*स. न. वि. वि.*

*विषय : तळमजल्याच्या नकाशातील बदल. संदर्भ : ड्रॉइंग क्र. २, दुरुस्ती क्र. १.*

*१. आजीची खोली आणि बाथरूम. बाथरूम सध्या ७' × ४'६" आहे, ते ७' × ६' हवे. आईला वॉकर घेऊन चालावे लागते आणि आंघोळीच्या वेळी सोबत एक जण लागतो. बाथरूमला खोलीतून थेट दार हवे. चौकट बसल्यावर दाराची मोकळी रुंदी २'८" राहावी आणि दार बाहेर उघडावे. लागणारी दीड फूट जागा आईच्या खोलीतून घेतली तरी चालेल (१२' ऐवजी १०'६"). खोलीत एक पलंग (३'६" × ६'६") आणि जुने लोखंडी कपाट (३' × १'६") एवढेच ठेवायचे आहे. हा बदल आवश्यक.*

*२. स्वयंपाकघर १२' × ९' ऐवजी १२' × ११' हवे. घरात एका वेळी दोघी काम करतात आणि सकाळी चौघे तिथेच जेवून बाहेर पडतात, म्हणून ४' × २'६" चे टेबल आत बसायला हवे. जागा हॉलमधून घ्यावी (२०' ऐवजी १८'). हा बदल जमल्यास.*

*३. पाहुण्यांना आईच्या खोलीतून न जाता संडास वापरता यावा. तो कसा, हे आपण सुचवावे.*

*बाहेरच्या भिंती, बाजूची मोकळी जागा आणि ठरलेला खर्च वाढू नये. प्रत्येक बदलाचा खर्चावर, मुदतीवर आणि मंजुरीवर काय परिणाम होईल ते कळवावे. खुणा केलेला नकाशा सोबत जोडला आहे.*

या पत्रातली सर्वांत कामाची ओळ म्हणजे जागा कुठून घ्यायची ते सांगणारी. बाहेरच्या भिंती जागच्या जागी राहणार असतील तर एक खोली वाढली की दुसरी घटणारच. कोणती घटवायची हे मालकाने लिहिले नाही तर तो निर्णय आर्किटेक्टला घ्यावा लागतो, आणि घरातल्या माणसांच्या सवयी त्याला ठाऊक नसतात. इथे बेरीज जुळते. हॉल आणि स्वयंपाकघर मिळून आधी २९ फूट होते, नंतरही २९ फूटच आहेत. आजीची खोली आणि बाथरूम मिळून साडेसोळा फूट होते, ते तसेच राहतात. अशी बेरीज मालकाने स्वतः करून पाहिली तर निम्म्या अशक्य मागण्या पत्रात येतच नाहीत.

मागितलेले माप नियमात बसते का, हे त्यानंतर पाहायचे. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार घरातली एक तरी राहती खोली किमान साडेनऊ चौरस मीटरची, म्हणजे सुमारे १०२ चौरस फुटांची असावी लागते. दुसरी साडेसात चौरस मीटरची चालते. एकत्र संडास-बाथरूमला किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३० चौरस फूट लागतात. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. नेमके आकडे तिच्यावरून तपासून घेणे हे आर्किटेक्टचे काम. आजीची खोली साडेदहा फूट चौरस झाली तरी ११० चौरस फूट राहते, त्यामुळे इथे अडचण नाही. मूळचे बाथरूम साडेएकतीस चौरस फुटांचे होते. ते नियमात बसत होते, पण वॉकर घेतलेली व्यक्ती आणि तिला धरणारा माणूस त्यात वळू शकत नव्हते. नियम किमान जागा सांगतो. ती पुरते की नाही हे आत वावरणाऱ्यावर ठरते. म्हणून मापाशेजारी कारण लिहायचे.

कारण कळले की आर्किटेक्टला मालकाच्या लक्षात न आलेली वाटही दिसते. बाथरूम वाढवायला आजीची खोली पूर्ण रुंदीत दीड फूट मागे घ्यायची गरज नसते. बाथरूमच्या सात फुटांपुरतीच भिंत पुढे सरकते. पॅसेजच्या डोक्यावरची भिंत जागीच राहते आणि खोलीत तीन फूट दीड इंच रुंद, दीड फूट खोल कोनाडा तयार होतो. लोखंडी कपाट नेमके तिथे जाऊ शकते. कपाटाचे माप पत्रात नसते तर हा कोनाडा बहुधा भिंतीने बुजवला गेला असता.

मात्र इथेच प्लास्टरचा प्रश्न येतो. नकाशावरची मापे बहुधा विटेपासून विटेपर्यंतची असतात. दोन्ही बाजूंचे प्लास्टर धरले की खोलीतून इंच-दीड इंच जातो, आणि बाथरूममध्ये फरशी लागत असल्याने दोन-तीन इंच. तीन फूट दीड इंचाच्या कोनाड्यात प्लास्टरनंतर तीन फुटांचे कपाट जेमतेम शिरेल किंवा अडकेल. ज्या जागी ठरावीक वस्तू बसवायची आहे तिथे पत्रात ‘प्लास्टरनंतरचे माप’ असे स्पष्ट लिहावे. इथे पॅसेजची आडभिंत दोन इंच सरकवली की काम भागते, पण ती वीट रचण्याआधी सरकवायला हवी.

दाराचेही तसेच आहे. नकाशावरचे तीन फुटी दार म्हणजे बहुधा भिंतीत सोडलेली तीन फुटांची मोकळीक. तिच्यात दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंचांची चौकट बसते आणि उघडलेल्या दाराची जाडीही थोडी आत येते. चालायला उरतात जेमतेम अडीच फूट. वॉकर त्यातून निघतो, पण चाकाची खुर्ची दोन फूट दोन-तीन इंच रुंद असते, तिला हातांसाठी जागा उरत नाही. पत्रात ‘चौकट बसल्यावर २'८"’ असे लिहिल्यामुळे भिंतीतली मोकळीक सव्वातीन फुटांची ठेवावी लागेल हे आर्किटेक्टला लगेच कळते. दार बाहेर उघडण्याची मागणीही विनाकारण नाही. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्या अंगाला अडते आणि मदतीला जाता येत नाही.

तिसरा मुद्दा पत्रात गरज म्हणून मांडला आहे, उपाय म्हणून नाही. बाथरूमचे दार आजीच्या खोलीत गेले तर तळमजल्यावर पाहुण्यांना संडासच उरत नाही. मालकाच्या मनात जिन्याखालची जागा येते, पण मधल्या टप्प्याखाली उंची साधारण पाच फुटांचीच असते आणि संडासाला सात फूट लागतात. तेव्हा पॅसेजमधले जुने दार कायम ठेवून त्याच बाथरूमला दोन दारे देणे हा सोपा मार्ग. त्यात भिंतीची लांबी खर्ची पडते आणि दोन्ही कड्या लावायची सवय करावी लागते. तरीही सहा फुटांच्या बाथरूममध्ये ते जमते. साडेचार फुटांत जमले नसते.

स्वयंपाकघराची मागणी कागदावर सर्वांत साधी दिसते, प्रत्यक्षात तीच सर्वांत खोल जाते. हॉल आणि स्वयंपाकघरामधली साडेचार इंची भिंत दोन फूट सरकवायची, एवढेच. पण त्या भिंतीच्या रेषेत दोन्ही टोकांना कॉलम आणि वर बीम आहे. भिंत सरकली आणि बीम जागेवरच राहिला तर स्वयंपाकघराच्या छतात, नव्या भिंतीपासून दोन फुटांवर, स्लॅबखाली फूटभर उतरलेला बीम आडवा दिसत राहील. बीमही सरकवायचा तर कॉलम सरकतात, कॉलम सरकले की पाया आणि वरच्या मजल्याच्या भिंतीही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला हिशेब पुन्हा करावा लागतो. बाथरूमच्या बदलालाही वरचा मजला आहेच. वरचे बाथरूम बरोबर त्याच्या डोक्यावर असेल तर तिथला खाली घेतलेला स्लॅब आणि नळांच्या जागा नव्या मापाने काढाव्या लागतात.

यावरून पत्र कधी लिहावे तेही ठरते. नकाशा अजून संकल्पनेच्या पातळीवर असेल तर वरचे सगळे बदल म्हणजे रेघा पुसून पुन्हा काढणे. मंजुरीसाठी कागद गेल्यावर बाहेरची मापे, जिना किंवा चटईक्षेत्र बदलले तर सुधारित परवानगी घ्यावी लागते. आर्किटेक्टशी झालेल्या करारात मान्य नकाशानंतरच्या बदलांना वेगळे शुल्क असेल तर तेही द्यावे लागते. जमिनीवर कॉलमची आखणी होऊन पाया भरला गेला की स्वयंपाकघराची भिंत बीमसकट सरकवणे व्यवहारात अशक्य होते. बाथरूमची साडेचार इंची भिंत मात्र तोवर सरकू शकते. ‘आवश्यक’ आणि ‘जमल्यास’ ही वाटणी इथे उपयोगी पडते. दोन्ही जमत नसतील तर काय सोडायचे हे आधीच ठरलेले असते.

वास्तुशास्त्र पाळायचे असेल तर तेही पहिल्याच पत्रात सरळ लिहावे. या घरात स्वयंपाकघर आग्नेयेला आहे, त्यामुळे प्रश्न येत नाही. दिशेची अट उशिरा कळली तर जमलेला नकाशा पुन्हा मोडावा लागतो.

पत्राला उत्तर म्हणून आर्किटेक्टकडून दोन गोष्टी याव्यात. एक, मुद्द्याच्या क्रमांकानुसार लेखी खुलासा : काय मान्य, काय बदलून मान्य, काय शक्य नाही आणि का. दोन, नव्या दुरुस्ती क्रमांकाचा आणि तारखेचा नकाशा. त्यावर मालकाने पत्रातले प्रत्येक माप टेपने मोजल्यासारखे तपासून सही करावी. नवा नकाशा कंत्राटदाराच्या हाती पडला की साइटवरच्या जुन्या प्रतींवर ‘रद्द’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे किंवा त्या काढून घ्याव्यात. बदल कबूल होऊनही भिंत जुन्याच जागी उभी राहते ती बहुधा साइटवर जुनी प्रत राहिल्यामुळे. बांधकाम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्रासाठी दाखवायचा नकाशाही प्रत्यक्ष घराशी जुळावा लागतो, म्हणून शेवटची सही झालेली प्रत आणि तिच्यामागचे पत्र दोन्ही जपून ठेवावीत.