बायोडेटात प्रमाणपत्रे कशी लिहावीत?

डीएड झालेल्या एका ताईंनी पहिलीच्या शिक्षकपदासाठी केलेला बायोडेटा मला दाखवला. शेवटी चौदा प्रमाणपत्रांची यादी होती. त्यात ऑनलाइन प्रश्नमंजुषेचंसुद्धा! एवढ्या गर्दीत कामाची गोष्ट हरवते.

मग आम्ही प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला: याचा पहिलीच्या वर्गात काय उपयोग? टीईटी वर शैक्षणिक पात्रतेजवळ गेली. एमएस-सीआयटी एका ओळीत राहिली. दीक्षा ॲपवरचा पायाभूत साक्षरतेचा कोर्स वर्षासह ठेवला. प्रश्नमंजुषा आणि तासाभराचे वेबिनार काढून टाकले.

‘वाचन उपक्रमात स्वयंसेवक’ ही ओळ मात्र वाढवली: ‘जून ते ऑगस्ट २०२३, आठवड्यातून तीन संध्याकाळी वस्तीतील ११ मुलांना वाचन शिकवले, ७ मुले सोपी वाक्ये वाचू लागली.’ काम, काळ आणि झालेला फरक, तिन्ही आलं.

पण आकडा खराच हवा. मुलाखतीत विचारतील, ‘उरलेल्या चार मुलांचं काय?’ ताईंकडे उत्तर होतं: दोघं मध्येच गावी गेली, दोघांना काना-मात्रा अडत होत्या. ज्या ओळीवर असं बोलता येतं, तीच ठेवा.