एकाच गडाची दोन उंच्या

थंडीतल्या एका रविवारी सिंहगडावर जायला निघालो, तेव्हा खिशातल्या फोनवर एक प्रयोग करायचं ठरवलं होतं. बऱ्याच फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा इवलासा सेन्सर असतो. आतकरवाडीत पायवाट सुरू होते तिथे सकाळी साडेनऊला दाब होता ९३५ हेक्टोपास्कल (हवामान खात्याच्या जुन्या भाषेत मिलिबार). साडेअकराला वर पोचलो तेव्हा तो ८७२.६ झाला होता. हिशेब केला, चढाई भरली ५९६ मीटर. पिठलं-भाकरी खाऊन, रेंगाळत, साडेतीनला त्याच दगडापाशी परत आलो आणि पुन्हा फोन पाहिला. ९३२! याच आकड्यावरून हिशेब मांडला तर उंची ५६८ मीटर. दुपारच्या आत गड २८ मीटर खचला होता.

आधी हिशेब कसा केला ते सांगतो, मग गड का खचला ते.

हवेचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन. आतकरवाडीत एक चौरस मीटर जागेवर साडेनऊ टन हवा उभी असते. वर चढत जाल तसा तिचा काही भाग पायाखाली जातो आणि भार कमी होतो. इथवर पाण्यासारखंच आहे. पण विहिरीत दर मीटरला भार तेवढाच बदलतो, कारण पाणी दबत नाही. हवा मात्र गोधड्यांच्या चवडीसारखी असते. सगळ्यात खालची गोधडी वरच्या साऱ्यांच्या ओझ्याने चेपलेली, वरची फुगलेली. म्हणून खालच्या एक मीटर थरात हवा जास्त मावते, वरच्यात कमी.

आता आकडे बघा. पायथ्याशी एक मीटर जाडीच्या थरात दर चौरस मीटरला १.१ किलो हवा असते आणि डोक्यावर असतात साडेनऊ टन. गडावर थर १.०३ किलोचा आणि डोक्यावरचा भार ८.९ टनांचा. दोन्ही ठिकाणी भागाकार करा. वर काय नि खाली काय, एक मीटर चढलं की भाराचा साधारण ८,६३५वा हिस्सा कमी होतो. भार कमी झाला की थरही त्याच प्रमाणात हलका होतो, म्हणून हा हिस्सा बदलत नाही. म्हणजे दाब ठरावीक आकड्याने नव्हे, ठरावीक टक्क्याने उतरतो. दर शंभर मीटरला सुमारे १.२ टक्के, तेही शिल्लक राहिलेल्या दाबाचे. चक्रवाढ व्याजच, फक्त उलट्या दिशेने. साडेपाच किलोमीटरच्या आसपास दाब निम्मा होतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रकाठच्या एक तृतीयांशाएवढाच उरतो.

तेव्हा उंची काढायला दोन दाबांची नुसती वजाबाकी पुरत नाही, त्यांचं गुणोत्तर लागतं. सूत्र असं:

h = 29.27 × T × ln(p1/p2)

T म्हणजे वाटेतल्या हवेचं सरासरी तापमान, सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून. त्या दिवशी २२ अंश धरलं, म्हणून २९५, त्याला २९.२७ ने गुणलं की आपला ८,६३५ मिळतो. लॉगॅरिदमचं नाव काढताच ज्यांना दहावी-बारावी आठवते त्यांच्यासाठी एक पळवाट आहे. दोन दाबांमधला फरक त्यांच्या सरासरीने भागा. ६२.४ भागिले ९०३.८ म्हणजे ०.०६९०, त्याला ८,६३५ ने गुणा, ५९६ येतात. गडाएवढ्या चढाईला लॉगॅरिदमचं आणि या भागाकाराचं उत्तर मीटरभरसुद्धा वेगळं येत नाही.

तापमानाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. गरम हवा फुगते, तिचे थर विरळ होतात आणि तेवढाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं. दहा अंशांची चूक केली तर या चढाईत वीस मीटरचा घोळ होतो. फोनच्या बॅटरीचं तापमान इथे उपयोगाचं नाही. सावलीतल्या हवेचं हवं, वरचं आणि खालचं, मग दोन्हींची सरासरी.

पण आमच्या गडाचे २८ मीटर तापमानाने खाल्ले नव्हते. आपल्याकडे हवेला रोज भरती-ओहोटी येते. सूर्य वातावरण तापवतो त्यातून दाबाच्या लाटा उठतात आणि उष्ण कटिबंधात त्या ठळक दिसतात. सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. दहा ते चार या वेळात तीन-चार हेक्टोपास्कलची घसरण म्हणजे अगदी नेहमीची गोष्ट. इथे एक हेक्टोपास्कल म्हणजे नऊ-साडेनऊ मीटर. आम्ही नेमके भरतीला चढलो आणि ओहोटीला उतरलो.

या दुखण्यावरचा इलाज बॅरोमीटरइतकाच जुना आहे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरें पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम या डोंगरावर चढला. क्लेरमाँ शहरात, मठाच्या बागेत, पारा २६ इंच साडेतीन रेषा होता (एका फ्रेंच इंचात बारा रेषा). माथ्यावर तो २३ इंच २ रेषांवर आला. निघताना पेरिएने एक शहाणपण केलं. दुसरी नळी बागेतच ठेवली आणि फादर शास्तें यांना तिच्यावर दिवसभर नजर ठेवायला बसवलं. संध्याकाळी त्यांनी सांगितलं, पारा जागचा हलला नाही. म्हणून पेरिए छातीठोकपणे म्हणू शकला की फरक पडला तो उंचीमुळे, दिवस पालटल्यामुळे नाही.

उंची त्याने सुमारे ५०० त्वाझ, म्हणजे ९७५ मीटर, अशी अंदाजाने लिहिली. दाबावरून ती काढायचा नियम अजून सापडायचा होता. एडमंड हॅलीने लॉगॅरिदमचा संबंध जोडला तो १६८६ मध्ये. आपण त्याचे आकडे वापरून पाहू. रेषांमध्ये मांडले तर ३१५.५ आणि २७८. एकक कुठलंही चालतं, कारण गुणोत्तरात ते उडून जातं. अंशांचा थर्मामीटर तेव्हा नव्हता, म्हणून मी सरासरी १२ अंश धरले. उत्तर येतं १,०५५ मीटर. आजच्या मोजणीनुसार माथा समुद्रसपाटीपासून १,४६५ मीटरवर आहे आणि शहर चारशेच्या आसपास. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या हाताने भरलेल्या नळीला मी तरी पैकीच्या पैकी मार्क देईन.

आमच्याकडे फादर शास्तें नव्हते, पण पायथ्याची दोन वाचनं होती. सहा तासांत दाब ३ ने उतरला, तर पहिल्या दोन तासांत १ ने उतरला असं धरू. (खरी घसरण इतकी सरळ नसते, पण काही न करण्यापेक्षा बरं.) म्हणजे आम्ही वर पोचलो त्या क्षणी आतकरवाडीत ९३४ असणार. ९३४ आणि ८७२.६ वरून चढाई येते ५८७ मीटर, आणि मी तोच आकडा वहीत ठेवला आहे.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर फोनमधलं थेट उंची दाखवणारं ॲप वापरू नका. समुद्रसपाटीचा दाब ते बहुधा ठरीव १०१३.२५ धरतं, आणि आपल्याकडे जुलैत तो हजार-चारच्या आसपास असतो, म्हणजे पाऊणशे मीटरचा फरक तिथेच पडला. दाब बघा, शेजारी घड्याळातली वेळ लिहा. आणि गुडघे दुखतात म्हणून जो कुणी खालीच थांबणार असेल त्याला चहाचे पैसे द्या आणि दर अर्ध्या तासाने दाब टिपायला सांगा.