बुडबुड्यातले शब्द आणि बुडबुड्याबाहेरचे

माझी भाची पुण्यात भाड्याच्या खोलीत राहत होती. खोली सोडताना 40,000 रुपयांच्या डिपॉझिटवरून घरमालकाशी खटका उडाला. वकिलांनी तिला सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं टाईप करून आण, नोटिशीला जोडू. तिने मला स्क्रीनशॉट पाठवला आणि म्हणाली, "मामा, चारच तर मेसेज आहेत. टाईप करून दे ना."

मेसेज चारच होते, पण त्या चौकटीत मेसेजपेक्षा इतर गोष्टीच जास्त होत्या. वर घड्याळ आणि बॅटरी, त्याखाली "घरमालक काका" हे नाव, मध्ये तारखेच्या पट्ट्या, प्रत्येक मेसेजच्या कोपऱ्यात वेळ, कुठे टिक, कुठे अंगठा. आधी मी फोनलाच चित्रातला मजकूर उचलायला सांगितलं. हाती आलं ते असं:

```
काका, चालेल ना? खोली सोडायची तारीख 15 8:31 pm W
पेंटिंगचे कापून 34000 देतो Edited 8:40 pm
चालेल काका, शुक्रवारपर्यंत द्या 8:52 pm W
काका, आकडा बदलला का? 9:41 am //
```

यंत्राला अक्षरासारखं दिसलं ते सगळं एका ओळीत ओतलं गेलं. निळ्या टिकचा W झाला, करड्या टिकच्या दोन तिरक्या रेघा झाल्या, आणि "तारीख 15" ला वेळ असा चिकटला की मधली जागा गेली तर तो वेगळाच आकडा वाटावा. अंगठा तर पुरता गळाला. शिवाय कोण कुणाला बोललं ते कळायला जागाच नाही, कारण चॅटमध्ये बोलणारा नावाने नव्हे, बाजूने ओळखतात: उजवीकडचे मेसेज फोनधारकाचे, डावीकडचे समोरच्याचे.

म्हणून अशी नक्कल उतरवताना मी प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारतो: हे कोण म्हणतंय? माणसाने टाईप केलेलं ते मजकूर. अ‍ॅपने त्या मजकुराबद्दल सांगितलेलं ते चौकटी कंसात, म्हणजे माणसाच्या तोंडी जाणार नाही पण हरवणारही नाही. फोनने स्वतःबद्दल सांगितलेलं, म्हणजे बॅटरी, नेटवर्क, खालचा कीबोर्ड, ते सोडून द्यायचं.

दुसऱ्या मेसेजपाशी हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते दिसतं. भाचीचं म्हणणं असं, की काकांनी आधी 38000 लिहिलं होतं. पेंटिंगचे 2000 कापायचे असं ठरलं होतं, म्हणून ती "चालेल" म्हणाली. नंतर आकडा बदलला. स्क्रीनवर आज 34000 दिसतात आणि त्याखाली तिचं "चालेल". कोपऱ्यातला Edited हा एवढासा शब्द अ‍ॅपचा म्हणून मी गाळला असता, तर तिने 34000 ला होकार दिला असाच कागद तयार झाला असता.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज बदलण्याची सोय 2023 मध्ये आली. पाठवल्यापासून 15 मिनिटांत बदल करता येतो आणि कोपऱ्यातली वेळ मूळचीच राहते. म्हणजे 8:40 चा मेसेज 8:55 पर्यंत बदलता आला असता, आणि तिचं उत्तर आहे 8:52 चं. बदल उत्तराच्या आधी झाला की नंतर, हे या चित्रातून कळत नाही, आणि आधी काय लिहिलं होतं तेही नाही. नक्कल करणाऱ्याने इथे थांबायचं. "[Edited]" एवढंच लिहायचं. "आधी 38000 होते" हे भाचीने नोटिशीत सांगायचं, माझ्या नकलेत नाही.

टिकच्या बाबतीतही हाच संयम लागतो. एक करडी टिक म्हणजे मेसेज गेला, दोन करड्या म्हणजे पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला, हे आता सगळ्यांना पाठ आहे. तरी मी कंसात "वाचला" असं लिहीत नाही, "दोन निळ्या टिक" असं लिहितो. कारण उलट बाजूने हिशेब जुळत नाही: दोन करड्या टिक म्हणजे वाचला नाही असं नव्हे. वाचल्याची खूण सेटिंगमध्ये बंद करता येते, आणि मेसेज न उघडता वरच्या नोटिफिकेशनमध्येही वाचता येतो. टिक फक्त आपण पाठवलेल्या मेसेजवर दिसते, म्हणून काकांच्या मेसेजखाली टिक नाही याचा काहीच अर्थ काढायचा नसतो.

रंग शब्दांत लिहायचं आणखी एक साधं कारण आहे. वकिलाकडे कागद जातो तो बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर, आणि तिथे निळी टिक करडीच दिसते. ही खूण किरकोळही नाही. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांच्यापुढे व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून पाठवलेल्या नोटिशीचा प्रश्न आला, तेव्हा याच खुणांवरून नोटीस पोचली आणि उघडलीही गेली असं न्यायालयाने मानलं.

तारखेच्या पट्ट्या अशाच फसव्या. मेसेजखाली नुसती वेळ असते, दिवस वरच्या पट्टीत असतो, आणि तिथे Yesterday किंवा Today असेल तर तो स्क्रीनशॉट काढला त्या दिवसापासून मोजलेला असतो. कागद महिन्याने वाचणाऱ्याला त्या Yesterday चा काय उपयोग? पट्टी आहे तशीच लिहायची आणि स्क्रीनशॉट कधी काढला ते वेगळं नोंदवायचं. फोनच्या घड्याळाला मी इथेच अपवाद करतो. तिथे 9:47 होतं, शेवटचा मेसेज 9:41 चा, म्हणजे मेळ बसतो. घड्याळ शेवटच्या मेसेजच्या मागे असतं, तर चित्र आणखी नीट तपासलं असतं.

नावही माणसाचं नसतं, फोनमध्ये जसं सेव्ह केलंय तसं दिसतं. "घरमालक काका" हे भाचीने दिलेलं नाव, म्हणून ते अवतरणात, आणि नंबर वेगळा. शेवटी नक्कल अशी उतरली:

```
[पट्टी: Yesterday]
भाची, 8:31 pm: काका, चालेल ना? खोली सोडायची तारीख 15
  [दोन निळ्या टिक; मेसेजवर 👍 प्रतिक्रिया]
"घरमालक काका", 8:40 pm: पेंटिंगचे कापून 34000 देतो
  [Edited]
भाची, 8:52 pm: चालेल काका, शुक्रवारपर्यंत द्या
  [दोन निळ्या टिक]
[पट्टी: Today]
भाची, 9:41 am: काका, आकडा बदलला का?
  [दोन करड्या टिक]
```

राहिला अंगठा. "चालेल ना?" ला काकांचं लेखी उत्तर नाहीच, मेसेजच्या कडेला चिकटलेला तो 👍 हेच उत्तर. तो त्यांनी टाईप केलेला मेसेज नाही, म्हणून त्याला स्वतंत्र ओळ आणि वेळ देणं चूक, पण गाळला तर 15 तारखेची संमतीच जाते. आणि तो कुणाचा, हे चित्रात दिसत नव्हतं, कारण स्वतःच्या मेसेजवरही असा अंगठा देता येतो. मी भाचीला म्हटलं, त्याच्यावर बोट ठेव. खालून छोटी यादी उघडली, त्यात काकांचं नाव होतं. तिने त्याचाही स्क्रीनशॉट काढला.

मग चॅट एक्स्पोर्ट करून तिने टेक्स्ट फाईलही घेतली. त्यात तारीख, वेळ, नाव आणि चारही मेसेज नीट होते, दुसऱ्यापुढे बदल झाल्याची नोंदही होती. टिक मात्र एकही नव्हती, आणि अंगठाही नव्हता. म्हणून वकिलांकडे तिघं मिळून गेली: फाईल, माझी नक्कल आणि दोन्ही स्क्रीनशॉट. वकिलांनी फोन जपून ठेवायला सांगितलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र पुढे लागलं तर ते त्या फोनवरच्या मूळ नोंदीबद्दल द्यायचं असतं, माझ्या टायपिंगबद्दल नाही.