पट्ट्यातला भाव आणि बाहेरची वाट

समजा, एखादा शेअर दोन महिने 480 ते 520 रुपयांच्या पट्ट्यातच वरखाली होतो आहे. 480 जवळ खरेदीदार पुढे येतात, 520 जवळ विक्रेते. अशा वेळी 484 ला घ्यायचा आणि 500 ला, म्हणजे मध्यावर, विकून मोकळं व्हायचं. 520 पर्यंत का थांबायचं नाही? भावाला मध्याकडे खेचणारी ओढ काठाजवळ सर्वाधिक असते; मध्यावर ती संपते. तिथून पुढे भाव वर जाईल की खाली, याचा अंदाज उरत नाही.

बाहेर पडायचा नियम मात्र खरेदीआधीच लिहून ठेवायचा. या शेअरची रोजची सरासरी हालचाल 8 रुपये असेल, तर तिच्या निम्मे, म्हणजे 4 रुपये काठाखाली सोडायचे. दिवसाचा बंद भाव 476 च्या खाली गेला, की दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच विकायचं. दिवसभरातली क्षणिक घसरण मोजायची नाही. 474 ला सुटलात तर तोटा 10, जमलं तर नफा 16. दलाली सोडली, तर दहापैकी चार सौदे जमले तरी पुरतं.

पण भाव उडी मारतो तेव्हा नियमही अपुरा पडतो. स्विस मध्यवर्ती बँकेने 2011 मध्ये युरोसाठी 1.20 फ्रँकचा तळ ठरवला होता. 15 जानेवारी 2015 ला तो अचानक काढला आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकखाली गेला. मधल्या भावांना गिऱ्हाईकच नव्हतं. म्हणून काठ कितीही पक्का वाटला, तरी उसन्या पैशावर मोठा सौदा करू नका आणि तोट्यातल्या सौद्यात भर घालू नका.